तांब्याभर पाणी नको, पळीभर पुरे: कार्तिक ते माघ तुळशीची पूजा आणि निगा

कार्तिकात तुळशीचं लग्न थाटात लागतं आणि पौष उजाडेपर्यंत त्याच वृंदावनात वाळक्या काटक्या उरतात. असं दरवर्षी कितीतरी अंगणांत होतं. घरची माणसं थंडीला दोष देतात. थंडीचा वाटा असतोच, पण बहुतेक ठिकाणी रोप आधीच आजारी झालेलं असतं आणि त्याचं कारण रोजच्या पूजेत दडलेलं असतं. पूजा बंद करायची मुळीच गरज नाही. पाणी, दूध, दिवा आणि हळद-कुंकू रोपाला सोसेल इतकंच आणि योग्य जागी द्यायचं, एवढाच बदल करायचा आहे.

सोबतचा छोटा व्हिडिओ आवाज बंद ठेवूनही पाहता येईल. प्रत्येक कृतीखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ येते, म्हणजे घरातल्या आजींनाही सकाळच्या घाईत ती वाचता यावी. त्या ओळींमागची कारणं इथे दिली आहेत.

व्हिडिओतली पहिलीच ओळ आहे, ‘आधी बोट, मग पाणी.’ मातीत बोटाची दोन पेरं खुपसायची. बोटाला गारवा लागला, माती चिकटली, तर त्या दिवशी पाणी घालायचं नाही. माती कोरडी आणि भुसभुशीत लागली तरच घालायचं. बारा इंची कुंडीतल्या रोपाला कार्तिकात साधारण अर्धा लिटर पाणी एक-दोन दिवसांआड पुरतं. थंडी वाढली की हे अंतर आणखी वाढतं, कारण गारठ्यात तुळस वाढ थांबवते आणि मुळं पाणी कमी ओढतात.

आता नेहमीच्या घरात काय होतं ते पाहू. आंघोळ झाली की आजी तुळशीला तांब्या घालतात. मग सून घालते, मुलगा कामावर जाताना घालतो, सुट्टीला आलेली लेकही घालते. पाऊण लिटरचा एक तांब्या धरला तरी चौघांचे मिळून तीन लिटर होतात, तेही दररोज. आमच्या गावातल्या एका घरी अगदी हेच चाललं होतं. मार्गशीर्षात खालची पानं पिवळी पडली आणि शेंडे माना टाकू लागले. पाणी कमी पडतंय असं वाटून त्यांनी संध्याकाळचाही एक तांब्या सुरू केला. रोप उपटून पाहिलं तेव्हा मुळं तपकिरी झाली होती, चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून हातात येत होती आणि मातीला आंबूस वास होता. वृंदावन सिमेंटचं, तळाचं भोक प्लास्टर करताना बुजलेलं आणि आत शेतातली निव्वळ काळी माती. पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

पाणी कमी झालं तरी पानं माना टाकतात आणि जास्त झालं तरी टाकतात, त्यामुळे फसगत होते. फरक असा ओळखावा: तहानलेली तुळस पाणी घातल्यावर दोन-तीन तासांत ताठ होते. मूळ कुजलेली तुळस ओल्या मातीतही मान वर करत नाही आणि तिची खालची पानं आधी पिवळी होऊन गळतात.

त्या घरातलं रोप वाचलं. कुजलेली मुळं कात्रीने पांढऱ्या भागापर्यंत कापली. मुळं कमी झाली म्हणून वरचा फुटवाही एक तृतीयांश छाटला, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार पडत नाही. मग दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण करून रोप मातीच्या कुंडीत लावलं. आठवडाभर कोवळ्या उन्हात, सावलीच्या आडोशाला ठेवलं आणि माती फक्त ओलसर राहील इतकंच पाणी दिलं. माघ सरता सरता बुंध्याजवळून फूट निघाली. वृंदावनाच्या बुडाशी बाजूने भोक पाडून घेतलं, तळाला तीन बोटं विटांचे तुकडे घातले आणि आता रोप कुंडीसकटच वृंदावनात ठेवलेलं असतं. नवं वृंदावन बांधणाऱ्यांनी पहिल्यापासूनच असं करावं. रोप आजारी पडलं तर कुंडी उचलून बाजूला घेता येते आणि वृंदावन रिकामं राहत नाही. सिमेंट ताजं असेल तर आधी आठवडाभर पाणी भरून ठेवावं, ते अधूनमधून बदलावं, आणि मगच वापरावं. ताज्या सिमेंटमधला चुना मातीत उतरतो आणि कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या अशी दिसू लागतात.

मग चौघांनी पूजा कशी करायची? व्हिडिओतली दुसरी ओळ तीच आहे: ‘प्रत्येकाची एक पळी.’ संध्येच्या पळीने बुंध्याशी एक पळी अर्घ्य द्यावं, नमस्कार करावा, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी जास्वंदीला किंवा नारळाला घालावं. ज्या दिवशी बोटाला माती कोरडी लागेल त्या दिवशी एकाने अर्धा लिटर पूर्ण घालावं. हे काम घरात एकाच माणसाकडे असावं, म्हणजे दुहेरी पाणी होत नाही. पाणी सकाळीच घालावं. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर मुळांशी गार राहतं.

दूध वाहण्याची रीत असेल तर चार थेंब पुरेत, तेही पाण्यात मिसळून. वाटीभर दूध मातीत आंबतं, वर पांढरी बुरशी धरते आणि मुंग्या येतात. मुंग्या आल्या की पिठ्या ढेकूणही हमखास वाढतो, कारण त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याला सांभाळतात. हळद-कुंकू पानांवर आणि खोडावर न उधळता वृंदावनाच्या दर्शनी भिंतीवर वाहावं. खोडाशी रोज साचलेला थर ओला होऊन तिथेच साल कुजते. निर्माल्याची फुलंही बुंध्याशी टाकून ठेवू नयेत, दुसऱ्या दिवशी उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावीत.

दिव्यासाठी जुन्या वृंदावनांना कोनाडा असतो आणि तो खालच्या बाजूला असतो. जुन्या गवंड्यांनी ही सोय फार विचाराने केली आहे. ज्योतीची धग पानांपर्यंत पोचत नाही आणि तेल मातीत सांडत नाही. कोनाडा नसेल तर पणती रोपापासून हातभर दूर, जमिनीवर ठेवावी. मातीत तेल मुरलं की वरचा थर तेलकट होतो आणि पाणी आत न जाता कडेने ओघळून जातं. उदबत्ती कुंडीत खोचण्याची सवय तर सोडावीच. पानांच्या कडा एकाच बाजूने करपलेल्या दिसल्या तर दिवा किंवा उदबत्ती त्या बाजूला आहे का ते पाहावं.

तुळशीचं लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लागतं. गोव्यात या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात आणि वृंदावनाशी उसासोबत चिंचा-आवळ्यांच्या फांद्या उभ्या करतात. रोपाच्या दृष्टीने या सोहळ्यात जपण्याची जागा एकच, ती म्हणजे गुंडाळलेलं वस्त्र. खण, चुनरी, सुताचे वेढे हे सगळं एका रात्रीपुरतं ठीक आहे. पण पुष्कळ ठिकाणी ते तसंच राहतं, आत ऊन आणि वारा पोचत नाही आणि दहा दिवसांत आतली पानं काळी पडून गळतात. व्हिडिओत म्हणूनच ओळ आहे, ‘लग्नाच्या दुसऱ्या सकाळी वस्त्र सोडा.’ वस्त्र खोडाऐवजी वृंदावनाच्या कठड्याला नेसवलं तर आणखी चांगलं. अक्षता आणि हळद पानांवर पडलेली असते, ती साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवावी.

त्याच सकाळचं दुसरं काम म्हणजे मंजिऱ्या खुडणं. आश्विन-कार्तिकात तुळस मंजिऱ्यांनी भरून जाते. बी पिकू लागलं की रोपाची सगळी ताकद तिकडे जाते, नवी फूट थांबते, फांद्या लाकडासारख्या होतात आणि थंडी सोसायला पानंच उरत नाहीत. मंजिरी अर्धी फुललेली असतानाच, तिच्या खालच्या पानांच्या जोडीच्या वर नखाने खुडावी. त्या जोडीच्या बेचक्यातून दोन नवे शेंडे निघतात. खुडलेल्या मंजिऱ्या विठोबाला वाहाव्यात, म्हणजे काहीच वाया जात नाही. बियांसाठी दोन-तीन मंजिऱ्या ठेवाव्यात, त्या तपकिरी झाल्या की काढून कागदाच्या पुडीत ठेवाव्यात. एकादशीला, द्वादशीला, रविवारी किंवा तिन्हीसांजेनंतर तुळस तोडायची नाही अशी ज्या घरी रीत आहे, त्यांनी ती पाळावी. लग्न द्वादशीला लागलं तर दुसरी सकाळ त्रयोदशीची येते, त्यामुळे बहुधा अडचण येत नाही. त्या दिवशी रविवार आलाच तर सोमवारी खुडावं.

थंडीचा प्रश्न सगळीकडे सारखा नाही. कोकणात आणि गोव्यात फारसं काही करावं लागत नाही. निफाडसारख्या भागात पारा दहा अंशांच्या खाली जातो, तिथे मात्र तुळशीची पानं जांभळट-काळी होऊन गळतात. रात्री बारदान किंवा जुनी सुती चादर चार काठ्यांवर, पानांना न टेकता टाकावी आणि ऊन आलं की काढावी. कुंडी असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी सरकवावी, दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. मार्गशीर्ष-पौषात खत घालू नये. सगळी पानं गळली तरी लगेच उपटू नये. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी, आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत आहे. वाळक्या फांद्या फाल्गुनात, फूट दिसल्यावरच कापाव्यात.

कीड दिसली तर रासायनिक औषध नको, कारण ही पानं तीर्थात आणि काढ्यात जातात. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्यासारखा पानांच्या बेचक्यात दिसतो, तो ओल्या फडक्याने पुसून काढावा. पुन्हा आला तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चमचाभर पातळ साबणाचं पाणी घोटून, ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावं. आठवड्याने पुन्हा एकदा. त्यानंतर काही दिवस पानं खाऊ नयेत, तोडल्यावर धुवावीत.

आणि एक जोड-रोप तयार ठेवाच. थंडी पडण्याआधी, मंजिरी न आलेली चार बोटं लांबीची कोवळी फांदी घ्यावी, खालची पानं काढावीत आणि ती पाण्याच्या पेल्यात उजेडाच्या खिडकीत ठेवावी. पाणी दोन दिवसांनी बदलावं. हवा उबदार असेल तर साधारण दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात, गारठ्यात जास्त वेळ लागतो. मुळं बोटभर झाली की वरच्याच मिश्रणात, छोट्या कुंडीत लावावं आणि पौष संपेपर्यंत घरातच खिडकीशी ठेवावं. जपून ठेवलेलं बी मात्र चैत्रात पेरावं. बी बारीक असतं, म्हणून ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून मातीवर पसरावं, वरून चाळलेल्या मातीची नुसती भुरभुर द्यावी आणि पाणी झारीने न घालता फवाऱ्याने द्यावं. रोपांना सहा पानं आली की वेगळी करावीत, म्हणजे आषाढापर्यंत ती वृंदावनात लावण्याजोगी होतात.