आपल्याच कार्ट्रिजमधून रॉम कशी काढावी, आणि डाउनलोड केलेली रॉम कायद्याच्या दृष्टीने वेगळी का ठरते

मूळ कार्ट्रिज घरात आहे, मग त्याच गेमची रॉम, म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमची फाइल, इंटरनेटवरून उतरवली तर बिघडलं कुठे, असं बहुतेकांना वाटतं. दोन्ही फाइल्स अक्षरशः सारख्या असतात, हे खरंच आहे. पण कायदा फाइलमध्ये काय आहे एवढंच बघत नाही. प्रत कोणी केली आणि कशावरून केली, हेही बघतो. वेबसाइटवरची प्रत दुसऱ्याच कोणीतरी केलेली असते आणि ती वाटण्याचा हक्क त्या माणसाकडे नसतो. "चोवीस तासांत डिलीट केली तर चालतं" हा नियम तर कुठल्याच कायद्यात नाही.

एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर. त्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत 2000 साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अपील कोर्टाने प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि तेव्हापासून एम्युलेटर हे सॉफ्टवेअर म्हणून वैध मानलं जातं. वाद असतो तो त्यात चालणाऱ्या गेमच्या प्रतीचा.

स्वतः काढलेल्या प्रतीची बाजू बरीच भक्कम असते, पण ती अभेद्य आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकन कॉपीराइट कायद्याचं कलम 117 प्रोग्रॅमच्या प्रतीच्या मालकाला बॅकअप घेऊ देतं. मात्र 1983 मध्ये अटारीने कार्ट्रिज कॉपी करणारं यंत्र विकणाऱ्या जेएस अँड ए कंपनीवर खटला भरला, तेव्हा कोर्टाने ही सवलत कार्ट्रिजला लागू केली नाही. कार्ट्रिज फ्लॉपीसारखी सहज खराब होत नाही, हे त्यामागचं कारण. ब्रिटनमध्ये खासगी प्रतीची मुभा 2014 मध्ये आली आणि 2015 मध्ये रद्दही झाली. म्हणून आपल्या देशातला नियम आधी पाहून घ्या, आणि काढलेली प्रत कोणालाही देऊ नका. कार्ट्रिज विकली तर प्रतही पुसून टाका. कलम 117 मध्येही मालकी संपल्यावर बॅकअप नष्ट करायला सांगितलं आहे.

आता प्रत्यक्ष कृती. उदाहरण म्हणून गेम बॉयवरचा 1993 चा 'लिंक्स अवेकनिंग' हा झेल्डा मालिकेतला गेम घेऊ. गेम बॉयच्या कार्ट्रिजमधला डेटा कूटबद्ध नसतो, त्यामुळे प्रत काढताना कूटलेखन फोडावं लागत नाही. आधुनिक कन्सोलच्या बाबतीत नेमकी तिथेच कायद्याची दुसरी अडचण उभी राहते.

लागणारं सामान थोडकं आहे: यूएसबीला जोडता येणारा कार्ट्रिज रीडर, त्याचं सॉफ्टवेअर (FlashGBX हे मोफत आहे आणि चांगलं चालतं), कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. रीडरवर व्होल्टेजचं बटण असेल तर कार्ट्रिज घालण्याआधीच ते बघा. गेम बॉयला 5 व्होल्ट लागतात आणि गेम बॉय अॅडव्हान्सला 3.3. अॅडव्हान्सची कार्ट्रिज 5 व्होल्टवर लावली तर ती कायमची जाऊ शकते.

काडी अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून कार्ट्रिजच्या पिना पुसा, काळं निघायचं थांबेपर्यंत. तोंडाने फुंकू नका. ओलावा पिनांवर बसतो आणि त्या गंजतात. पूर्ण वाळल्यावर कार्ट्रिज रीडरमध्ये घाला आणि माहिती वाचायला सांगा. स्क्रीनवर ZELDA हे नाव, 512 केबीची रॉम आणि 8 केबीची सेव्ह मेमरी दिसायला हवी. नाव विचित्र अक्षरांत आलं तर पिना नीट टेकलेल्या नाहीत.

सगळ्यात आधी सेव्ह काढा, रॉम नंतर. रॉम चिपमध्ये कायमची असते, पण सेव्ह आतल्या छोट्या बटणसेलवर जगत असते आणि इतक्या वर्षांनी तो सेल कधीही संपू शकतो. लहानपणी खेळलेला तो डाव जगातल्या कुठल्याच साइटवर मिळणार नाही. सेव्ह दोनदा वाचा आणि दोन्ही फाइल्स ताडून बघा. फाइल 8192 बाइटची हवी. दोन्ही वेळा वेगवेगळं आलं, किंवा सगळीकडे FF दिसलं, तर पिना पुन्हा पुसा. तरीही तेच आलं तर सेल बहुधा संपला आहे.

मग रॉम काढा. गेम बॉयच्या प्रोसेसरला एका वेळी कार्ट्रिजमधले 32 केबीच दिसतात, म्हणून आतली एक चिप 16 केबीचे तुकडे आळीपाळीने समोर आणते. आपल्या गेममध्ये असे 32 तुकडे आहेत. रीडरही तुकडे बदलत बदलत वाचतो, आणि गडबड बहुतेक वेळा इथेच होते: तुकडा बदललाच नाही तर तोच डेटा फाइलभर पुन्हा पुन्हा येतो. आकार बरोबर 5,24,288 बाइट, पण आत भलतंच.

मी पहिल्यांदा काढलेली रॉम एम्युलेटरमध्ये सुरू झाली, संगीतही वाजलं, आणि मी निश्चिंत झालो. पुढे एका घरात शिरल्यावर भिंतींच्या जागी रेघोट्या दिसल्या. डेटाच्या आठ पिनांपैकी एकीवर मळ होता आणि मधूनच एखादा बिट चुकत होता. तेव्हा कळलं की गेम सुरू झाला म्हणजे प्रत बरोबर, असं नसतं. रॉमच्या सुरुवातीजवळ गेमची माहिती असलेला एक छोटा भाग असतो, त्याला हेडर म्हणतात. कन्सोल सुरू होताना फक्त त्या हेडरमधला लोगो आणि हेडरची बेरीज तपासतो. संपूर्ण रॉमची बेरीजही हेडरमध्ये लिहिलेली असते, पण ती कन्सोल तपासत नाही. सॉफ्टवेअरने ती जुळत नाही असं सांगितलं तर फाइल टाकून द्या, पिना पुन्हा पुसा आणि नव्याने वाचा.

ती बेरीज जुळली तरी आणखी एक तपासणी करा. विंडोजमध्ये:

```
certutil -hashfile zelda.gb SHA1
```

लिनक्सवर:

```
sha1sum zelda.gb
```

आलेला आकडा No-Intro च्या यादीशी ताडा. त्या यादीत गेम नसतात, तपासलेल्या प्रतींच्या नोंदी असतात. या गेमच्या एकाहून जास्त आवृत्त्या निघाल्या, म्हणून आपली आवृत्ती कोणती ते हेडरवरून बघून त्याच ओळीशी जुळवा. कुठेच जुळत नसेल आणि दोनदा वाचल्यावर आकडा तोच येत असेल, तर कार्ट्रिज नकली असण्याची शंका घ्यायला जागा आहे. दर वेळी आकडा बदलत असेल तर दोष पिनांचाच.

आता zelda.gb आणि zelda.sav एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि mGBA या एम्युलेटरमध्ये पहिली फाइल उघडा. नावं सारखी असली की सेव्ह आपोआप उचलली जाते. बायोसची, म्हणजे कन्सोलच्या स्वतःच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरची, फाइल शोधत बसू नका. mGBA ला गेम बॉयसाठी ती लागत नाही, आणि बायोसही कॉपीराइटखालीच येतं.

सेल बदलायचा असेल तर ही प्रत हातात आल्यावरच बदला. कार्ट्रिज 3.8 मिमीच्या खास बिटने उघडते. आतल्या सेलवर छापलेला क्रमांक बघा आणि त्याच क्रमांकाचा, पट्ट्या लावलेला सेल डाग देऊन बसवा. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, उष्णतेने तो फुटू शकतो. जुना सेल काढताक्षणी सेव्ह पुसली जाते, पण आता त्याची भीती नाही. कार्ट्रिज पुन्हा रीडरमध्ये घाला, zelda.sav तिच्यावर लिहा, मग ती कन्सोलमध्ये लावा आणि फाइल निवडायच्या पडद्यावर आपलं जुनं नाव येतंय का ते बघा.