साहित्याच्या व्हायव्हाची तयारी: ‘शारदा’चा सारांश पाठ असूनही गाडी अडते ती का?

एम.ए. मराठीच्या व्हायव्हाला इंदूरची मुले पाठांतरात कमी पडत नाहीत. भंवरकुव्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून सिनियरच्या नोट्स मिळतात, नेमलेल्या प्रत्येक पुस्तकाचा दोन पानी सारांश होतो, शिवाय वीस-पंचवीस ‘इम्पॉर्टंट’ प्रश्न. एवढे सगळे असून एक्सटर्नलच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला मूल गप्प होते. भीती थोडी असतेच, पण खरी खोट सारांशात असते. तो ज्या कामासाठी केला, त्या कामाचाच नसतो. हे दाखवायला गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे एकच नाटक जरा तपशिलात घेऊ. अनेक अभ्यासक्रमांत ते असते आणि इंदूरच्या परीक्षेत त्यावर प्रश्न यायला एक जादा कारणही आहे.

चूक पहिली: सारांश म्हणजे गोष्ट

नोट्समधला नेहमीचा सारांश असा असतो: ‘भुजंगनाथ हा म्हातारा श्रीमंत विधुर. त्याला पुन्हा लग्न करायचे आहे. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित कांचनभटाच्या मुलीला, शारदेला, हेरतो. पैशाच्या लोभाने कांचनभट तयार होतो. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो आणि शेवटी शारदा-कोदंडाचे लग्न होते. बालाजरठ विवाहाच्या प्रथेवर नाटककाराने प्रहार केला आहे.’

यात चुकीचे काही नाही. पण ‘कोदंड हे लग्न मोडतो’ या चार शब्दांत सगळे नाटक गडप झाले आहे. परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतो: मोडतो म्हणजे काय करतो? कांचनभटाचे मन वळवतो? भुजंगनाथाला लाज वाटते? गाव उठते? यातले काहीच घडत नाही. भुजंगनाथ आणि कांचनभट एकाच गोत्राचे निघतात, सगोत्र विवाह शास्त्राला मान्य नाही, म्हणून लग्न थांबते. पुढे निराश झालेली शारदा नदीत जीव द्यायला जाते, कोदंड तिला वाचवतो आणि त्या दोघांच्या लग्नाला मान्यता मिळते ती शंकराचार्यांकडून.

आता हे दोन तपशील सारांशात घाला आणि शेवटचे ‘प्रहार केला आहे’ हे वाक्य पुन्हा वाचा. ते पहिल्याइतके सरळ राहत नाही. मुलीच्या बापाला माघार घ्यावी लागते ती गोत्रामुळे. मुलगी विकणे वाईट, हे त्याला पटले म्हणून नव्हे. एका रूढीला अडवायला नाटककाराने दुसऱ्या रूढीचा आधार घेतला. व्हायव्हात बोलण्यासारखे जे आहे ते इथे आहे, आणि नोट्समध्ये नेमके हेच गळते, कारण गोष्ट सांगताना ते किरकोळ वाटते.

म्हणून सारांश करताना ‘पुढे काय झाले’ याऐवजी ‘कशाने झाले’ लिहा. एक अंक वाचला की पुस्तक मिटा आणि तीन-चार वाक्ये लिहा: या अंकात कुणाचा निर्णय बदलला, कशाने बदलला, कुणाला तो मान्य नव्हता. मग पुस्तक उघडून ताडून पाहा आणि शेजारी पान क्रमांक टाका. पान क्रमांक टाकायचा कंटाळा करू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री ती जागा शोधत बसायला वेळ नसतो. सगळे अंक झाले की या वाक्यांतून एक पान तयार करा. पात्रांची नावे त्यातच बसवा, वेगळी यादी करून पाठ करू नका. ‘भद्रेश्वर दीक्षित – मध्यस्थ’ असे पाठ केलेले नाव तोंडावर येत नाही, पण या सौद्यात त्याचा स्वार्थ काय होता हे ध्यानात असले की नाव आपोआप येते.

सारांश जमला की नाही, याची एक परीक्षा आहे. त्यातले कुठलेही वाक्य घ्या आणि ‘कशावरून?’ असे विचारा. उत्तरादाखल नाटकातला एक प्रसंग सांगता आला तर वाक्य ठेवा. नाही आला, तर ते वाक्य तुमचे नाही, नोट्सवाल्याचे आहे.

चूक दुसरी: लेखी पेपरचे प्रश्न व्हायव्हासाठी घोटणे

‘शारदा नाटकातील सामाजिक आशय स्पष्ट करा’ हा पंधरा गुणांचा प्रश्न. तोंडी परीक्षेत असा प्रश्न आलाच तर तो फक्त दार उघडायला. व्हायव्हाचे प्रश्न एकाला एक लागून येतात आणि प्रत्येक पुढचा प्रश्न तुमच्या उत्तरातल्या एखाद्या शब्दाला धरून येतो. तेव्हा संभाव्य प्रश्न काढताना सुटे वीस प्रश्न काढण्यापेक्षा पाच-सहाच काढा आणि प्रत्येकाखाली तुमच्याच उत्तरातून निघणारे दोन-तीन उपप्रश्न लिहा. ‘शारदा’चे असे होईल:

लग्न कशाने थांबते? सगोत्र असल्यामुळे. मग देवलांना सुधारक म्हणायचे का? इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून थांबले की पुढचा प्रश्न बोचराच येतो. पण असे म्हणता येते: प्रथेचे किळसवाणे रूप देवल प्रेक्षकाला दाखवतात, शारदेची भीती तिच्याच तोंडून गाऊन घेतात, ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद आठवा. म्हणजे सहानुभूती कुणाकडे, याबद्दल शंका राहत नाही. सोडवणूक मात्र ते त्या काळच्या प्रेक्षकाला नाकारता येणार नाही अशी, शास्त्राच्या चौकटीतली देतात. यावर परीक्षक विचारेल: मग दोघे सगोत्र नसते तर? तर नाटकाने उभ्या केलेल्या जगात ते लग्न थांबवायला कोदंडाच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि ही या नाटकाची मर्यादा आहे. तुमचे मत याच्या उलट असू शकते. शंकराचार्यांची संमती ही तडजोड नसून डावपेच आहे, धर्माच्याच तोंडून प्रथेला नकार वदवला आहे, असेही मांडता येते. मला स्वतःला पहिली बाजू जास्त पटते. परीक्षकाला कुठलीही चालते, फक्त दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या धरून बसू नका.

चूक तिसरी: झेरॉक्सच्या झेरॉक्समधून आलेली माहिती

नोट्स चार-पाच बॅचमधून फिरल्या की त्यात एखादा गोड गैरसमज कायमचा घर करतो. ‘शारदा’बाबत तो ठरलेला आहे: ‘या नाटकामुळे शारदा कायदा झाला आणि त्याला नाटकाचेच नाव दिले.’ ऐकायला छानच वाटते. प्रत्यक्षात नाटक रंगभूमीवर आले १८९९ मध्ये आणि बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला १९२९ मध्ये. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे ‘सारडा’चे ‘शारदा’ झाले आणि घोटाळा पक्का झाला.

नुसती चूक सुधारून सोडू नका, तिचा उपयोग करून घ्या. त्या कायद्याने लग्नासाठी मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. वराचे वय जास्तीत जास्त किती असावे, याबद्दल त्यात काही नव्हते. म्हणजे १४ वर्षांच्या मुलीशी लग्न करायला भुजंगनाथाला या कायद्यानेही आडकाठी केली नसती. बालविवाह आणि जरठविवाह हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि नाटकाचा रोख दुसऱ्यावर, त्यातही पैसे घेऊन मुलगी देण्यावर आहे. हे दोन वाक्यांत सांगता आले तर परीक्षकाचा सूर बदलतो.

देवलांच्या बाकी नाटकांबाबतही असाच गोंधळ असतो. ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘मृच्छकटिक’ संस्कृतवरून. त्यांचे पूर्णपणे स्वतंत्र नाटक ‘शारदा’च. आणि सुरुवातीला म्हटले ते जादा कारण हे: किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘शारदा’चा पहिला प्रयोग केला तो आपल्या इंदुरात. इथल्या विद्यार्थ्याला ते ठाऊक नसले तर बाहेरून आलेल्या परीक्षकाला मौज वाटणारच.

चूक चौथी: कवितेचाही तसाच सारांश

भा. रा. तांबे अभ्यासक्रमात असतात. ते ग्वाल्हेरचे राजकवी, तेव्हा माळव्यात त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ‘नववधू प्रिया, मी बावरते’चा नोट्समधला सारांश ‘नवविवाहितेची लाज आणि भीती’ इतकाच असतो. शिकवताना ही कविता मृत्यूवरची आहे हे कुणीतरी सांगितलेले असते, म्हणून विद्यार्थी तेही जोडतो. परीक्षक विचारतो, कवितेत कुठे आहे मृत्यू? इथे बहुतेक जण गप्प होतात.

कवितेचा गद्य अर्थ दोन ओळींत संपवा आणि उरलेली जागा अशा ओळींना द्या जिथे तो अर्थ पुरा पडत नाही. या कवितेत ती जागा शेवटी आहे: ‘खरे घर ते’. सासर हे मुलीचे खरे घर, हा एक अर्थ लागतोच. पण माहेरच्या बागबगीच्याचा, मळ्याचा लळा सुटत नाही असे म्हणत आलेली ही नवरी त्या घराला ‘खरे’ म्हणते, तेव्हा माहेर म्हणजे हे जग आणि सासर म्हणजे पलीकडचे, असे वाचायला वाट मिळते. ओळ दाखवा आणि मग अर्थ सांगा, हा क्रम मोडू नका.

प्रत्यक्ष अडले तर

अडण्याचे प्रकार वेगवेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे. नाव आठवले नाही तर नाते किंवा काम सांगून पुढे चला: ‘तो लग्न जुळवणारा मध्यस्थ’. नावासाठी कुणी अडवून ठेवत नाही. प्रश्नच कळला नाही तर तो आपल्या शब्दांत मांडून ‘असेच विचारताय ना?’ म्हणा. आणि पुस्तक वाचलेच नसेल तर तसे सांगून टाकणे स्वस्त पडते. सारांशावर तारून न्यायला गेलात की प्रश्नांची साखळी त्याच पुस्तकावर लांबत जाते. खरे बोललात तर परीक्षक दुसऱ्या पुस्तकाकडे वळतो.

घरी सराव करताना मित्राच्या हाती प्रश्नांची यादी देऊ नका, सारांशाचे पान द्या. त्याने साहित्य वाचलेले नसले तरी चालेल, किंबहुना बरेच. प्रत्येक वाक्याला ‘का?’ आणि ‘कशावरून?’ एवढेच विचारायचे. जिथे तुम्ही ‘म्हणजे, तसं आहे ना…’ करत हिंदीत घसरता, तिथे पेन्सिलने खूण करा आणि मूळ पुस्तकातले तेवढेच पान पुन्हा वाचा.

‘तुम्हाला यातले कुठले पुस्तक आवडले?’ हा प्रश्न परीक्षक मूल सैल व्हावे म्हणून विचारतात आणि मूल सर्वांत बारीक पुस्तकाचे नाव घेऊन मोकळे होते. मग उरलेला सगळा वेळ त्या पुस्तकावरच जातो. उत्तर घरूनच ठरवून न्या, आणि ज्याच्या समासात तुमच्या खुणा सर्वांत जास्त आहेत त्याच पुस्तकाचे नाव घ्या.