करार रद्द झाला तरी लवादाची अट उरते

समजा, बेळगावच्या उद्यमबागेत तुमची फौंड्री आहे. कोल्हापूरच्या एका कारखान्याकडे कास्टिंगचे १८ लाख थकलेत. वाद झाला तर तो न्यायालयाऐवजी लवादाने सोडवायचा, अशी अट करारात आहे. मागायला गेलात तर उत्तर येतं, "माल सदोष निघाला, करार आम्ही रद्द केला. करारच नाही, तर लवाद कसला?"

या उत्तराला बळी पडू नका. १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम १६ सांगतं की करारातली लवादाची अट हा वेगळा करार समजायचा. मूळ करार शून्य ठरला म्हणून ती अट आपोआप बुडत नाही. तुमची रक्कम देय आहे का, माल सदोष होता का, करार नीट रद्द झाला का, हे लवादच ठरवेल. मात्र करारनाम्यावरची तुमची किंवा त्यांची सहीच बनावट असेल, तर अटीलाही संमती नव्हती आणि तिचाही आधार जातो.

पहिलं काम, लेखी नोटीस. वाद काय, रक्कम किती, लवाद म्हणून कोणाचं नाव सुचवता, हे स्पष्ट लिहा आणि पोच जपून ठेवा. ती त्यांना मिळाली, त्या दिवशी लवाद सुरू झाला असं कायदा मानतो.

आता अट वाचा. "आमचे व्यवस्थापकीय संचालक लवाद नेमतील" असं त्यात असेल तर ते मान्य करू नका. वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. वाद उभा राहिल्यानंतर तुम्ही लेखी सूट दिलीत तरच तसा लवाद चालतो, म्हणून त्यांच्या पत्रावर "मान्य" लिहून सही करण्यापूर्वी थांबा. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत एका नावावर एकमत झालं नाही, तर लवाद नेमून मिळावा म्हणून उच्च न्यायालयाकडे कलम ११ खाली अर्ज करा. लवादाचं स्थान बेळगाव लिहिलं असेल तर धारवाड खंडपीठात. सीमेवरच्या व्यवहारात ही एक ओळ फार महत्त्वाची आहे. तिथे कोल्हापूर लिहिलेलं असेल तर हा अर्ज मुंबई उच्च न्यायालयाकडे जातो.

निवाडा विरोधात गेला तर? "लवादाने पुरावा चुकीचा वाचला" एवढ्यावर कलम ३४ खाली तो रद्द होत नाही, कारण न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. पण लवादाने कास्टिंगचा प्रयोगशाळा अहवाल फक्त समोरच्याकडून घेतला, तुम्हाला दाखवलाच नाही, आणि त्यावरच तुमचे १८ लाख नाकारले, तर तुम्हाला बाजू मांडता आली नाही हे ठोस कारण आहे. अहवाल कधी पाहायला मिळाला, त्याची तारीख आणि पत्रव्यवहार अर्जासोबत जोडा.

मुदत कडक आहे. निवाड्याची सही असलेली प्रत ५ फेब्रुवारीला मिळाली, तर ५ मेपर्यंत अर्ज करायचा. सबळ कारण असेल तर फार तर आणखी ३० दिवस, म्हणजे ४ जून. त्यानंतर न्यायालयालाही मुदत वाढवता येत नाही.