एका पानाची लेखननियमावली

नागपुरात संत्र्याच्या फवारणीचं माहितीपत्रक तिघांनी वाटून भाषांतरित केलं, की एकात ‘10 लीटर’, दुसऱ्यात ‘१० लिटर’, तिसऱ्यात ‘दहा ली.’ येतंच. व्याकरणाचं पुस्तक लिहीत बसू नका. जिथे वाद झाला तेवढंच एका पानावर नोंदवा.

१. दोनच रकाने: ‘हे लिहा’, ‘हे नको’. लिटर, लीटर नको. दोन्ही चालत असले तरी एकच निवडा.

२. मापं, रकमा आणि तारखा देवनागरी अंकांत: १,५०,००० रुपये. फोन नंबर आणि उत्पादनाचा कोड मात्र मुळात आहे तसाच.

३. वाक्याशेवटी पूर्णविराम, दंड नाही. अवतरणचिन्हं वळणदार, सरळ नकोत.

४. ‘ऑ’ एकाच कळीने टाइप करा. ‘आ’वर वेगळा चंद्र दिला तर दिसायला तसंच दिसतं, पण शोधताना सापडत नाही. जुन्या फॉन्टमधून बदललेल्या फायलींत हे हमखास निघतं.

शेवटी ‘हे नको’ रकान्यातला एकेक शब्द फाइलमध्ये शोधा. मात्र ‘ली’सारख्या तुकड्यावर ‘सगळे बदला’ दाबू नका. ‘केलिटर’, ‘गेलिटर’ छापून येईल!