जुनी गाडी बघायला जाताय? इंजिन थंडच हवं

इंजिन गरम झालं की त्याचे बरेच आजार लपतात, म्हणून विकणारा कधीकधी तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी चालू करून ठेवतो. "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका" असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

१. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. उन्हात नसूनही ते कोमट लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. मी तरी तेच करतो.

२. चावी फिरवा, पण स्टार्टर मारू नका. इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो.

३. आता गाडी दुसऱ्याला सुरू करायला सांगा आणि स्वतः सायलेन्सरमागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. थंडीत पांढरी वाफ दिसते, ती थोड्या वेळात थांबते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट आत जळतंय. हेड गॅस्केटचा हा खर्च मोठा असतो, अशी गाडी सोडून द्या.

४. चालवताना मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला पण वेग तसा वाढला नाही, तर क्लच घसरतोय.

फेरीनंतर गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.