‘सारखा’ दिसला की उपमा? अलंकारांच्या या चुका टाळा

दरवर्षी सराव परीक्षेचे पेपर तपासताना लाल पेन एकाच जागी अडखळतं. प्रश्न असतो ‘पुढील ओळींतील अलंकार ओळखा’ आणि उत्तर येतं गाइडमधल्या शब्दांच्या यादीतून. सारखा, सम, परी, वाणी दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. ‘म्हणजे’ दिसलं की रूपक. ओळ वाचलीच जात नाही, ओळीत शब्द हुडकला जातो.

गेल्या वर्षी मी वैतागून स्वतःच चार ओळी रचल्या, म्हणजे त्या कुठल्याच गाइडात सापडायला नकोत. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण पेपरात गोंधळ नको म्हणून गोदा लिहिलं:

गोदा आजीसारखी जागी पहाटेपासून,
धुक्याची गोधडी घेते अंगावर ओढून;
घाट सारखा ऐकतो तिची एकच गोष्ट,
पायरी पायरी म्हणजे तिच्या सुरकुत्या स्पष्ट.

(शेवटचा ‘स्पष्ट’ यमकासाठी ओढूनताणून आणलाय, कबूल.)

तिसऱ्या ओळीत निम्म्याहून जास्त पोरांनी उपमा लिहिली. एक मुलगी पेपर घेऊन तावातावाने आली. “सर, ‘सारखा’ आहे ना! यादीत आहे!” मी म्हटलं, “बरं, घाट कशासारखा?” ती ओळ पुन्हा वाचायला लागली. “घाट... गोष्टीसारखा?” मग स्वतःच हसली.

इथला ‘सारखा’ म्हणजे सतत. बाळ सारखं रडतं, त्यातला. हे ओळखायला अलंकारशास्त्र लागत नाही, मराठी पुरते. तुलनेचा ‘सारखा’ मागच्या नामाचं सामान्यरूप करतो आणि त्याला चिकटून बसतो: घाटासारखा, आजीसारखी. ‘घाट सारखा’मध्ये घाट जसाच्या तसा आहे, शब्दही सुटा आहे, म्हणजे तुलना नाही. ‘परी’ची गत तर आणखी वाईट. ‘नभापरी’मधला परी उपमेचा, जुन्या कवितेत सुटा आलेला परी म्हणजे ‘पण’, आणि पंखवाली परी तिसरीच. यादीत तिघींना एकच जागा.

माझी सवय अशी की अलंकाराचं नाव लिहिण्याआधी पेन्सिलीने कागदाच्या समासात दोन शब्द लिहायचे: वर्णन कोणाचं चाललंय ते उपमेय, आणि त्यासाठी बाहेरून कोणाला आणलंय ते उपमान. पहिल्या ओळीत गोदा आणि आजी. दोन नावं सापडली नाहीत तर उपमा, उत्प्रेक्षा, रूपक या घरात शिरायचंच नाही. पोरांना हे अर्धं मिनिट जड जातं, आणि तेवढ्यासाठी गुण घालवतात. उपमेय-उपमानाची अदलाबदल करणाऱ्यांसाठी एकच ओळ: ‘सारखी’ ज्याला चिकटते ते उपमान, मग ते ओळीत आधी येवो की नंतर.

दोन नावं सापडली की मी तीच जोडी पायऱ्यांवरून उतरवतो. ‘गोदा आजीसारखी’ म्हटलं तर गोदा वेगळी, आजी वेगळी, दोघींत एक गुण सारखा: पहाटे जागं असणं. ही उपमा. ‘गोदा जणू आजीच’ म्हटलं की कवी कल्पना करतो, दोघी एकच असाव्यात असं त्याला वाटतं. ही उत्प्रेक्षा. ‘गोदा म्हणजे आजी’ म्हटलं की फरकच पुसला, ते रूपक. ‘ही गोदा नव्हेच, ही आजी’ म्हटलं तर उपमेयच नाकारलं, ती अपन्हुती. आणि ‘आजीहून मायाळू गोदा’ म्हटलं तर उपमेय वरचढ, तो व्यतिरेक. जोडी तीच, कवी कुठल्या पायरीवर उभा आहे तेवढं बघायचं. पाच व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे मला सोपं वाटतं, पण मुलांना व्याख्याच हव्या असतात.

इथे माझाही एक गुन्हा आहे. वर्ग घ्यायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत मीच फळ्यावर लिहिलं होतं: ‘जणू = उत्प्रेक्षा’. खाली दोन रेघा मारून. मग चाचणीत मी ‘जणू काही घडलंच नाही, असा तो निघून गेला’ हे वाक्य घातलं आणि अख्ख्या वर्गाने उत्प्रेक्षा लिहिली. यात उपमेय कोण, उपमान कोण? कोणीच नाही, रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे. चूक त्यांची नव्हती. त्या दोन रेघा मी नंतर कधी मारल्या नाहीत.

‘म्हणजे’चंही तेच. ‘क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द’ हे रूपक नाही, व्याख्या आहे. उलट दुसऱ्या ओळीत ‘म्हणजे’ कुठेच नाही, तरी ‘धुक्याची गोधडी’ रूपक आहे, कारण धुकं हीच गोधडी. सामासिक शब्दात क्रम बघा: नयनकमल म्हणजे नयन हेच कमल, रूपक, कमलनयन म्हणजे कमलासारखे नयन, तिथे उपमा लपलेली.

आणि ‘रूपक’ला रू दीर्घ.

आता चेतनगुणोक्ती. इथे गडबड दोन्ही बाजूंनी होते. काहींना ‘रस्ता जातो’, ‘घड्याळ चालतं’, ‘वारा वाहतो’ सगळीकडे माणूस दिसतो. हे भाषेत मुरलेले प्रयोग आहेत, त्यात कोणी कल्पना लढवलेली नाही. वारा चोरपावलांनी माजघरात शिरला तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या बाजूला एका मुलाने ‘वेल रुसली’पुढे काहीच लिहिलं नाही. घरची द्राक्षबाग. म्हणाला, “सर, व्याख्येत निर्जीव वस्तू म्हटलंय, वेल तर सजीव आहे.” तो विज्ञानात बरोबर होता. पण वेल जगते, रुसत नाही. माणसाची भावना किंवा कृती माणूस नसलेल्यावर चढवली का, एवढंच विचारायचं. आमच्या ओळींत गोदा गोधडी ओढते, घाट गोष्ट ऐकतो, दोन्हीकडे चेतनगुणोक्ती. दुसऱ्या ओळीत ती आणि रूपक दोन्ही आहेत. ‘धुक्याची गोधडी’ अधोरेखित असेल तर रूपक लिहा, पूर्ण ओळ दिली असेल तर जे लिहाल त्याचं कारण द्या.

शेवटचं दुखणं रसग्रहणातलं. ‘या ओळीत उपमा अलंकार वापरल्यामुळे कवितेच्या सौंदर्यात भर पडली आहे.’ हे वाक्य कुठल्याही कवितेखाली चिकटतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. उपमानाने काय आणलं ते लिहा. मी असं लिहीन: ‘नदीला आजी म्हटल्याने तिचं वय आणि घरच्यांआधी उठण्याची सवय एकदम डोळ्यांपुढे येते. पुराची गोदा इथे कवीला नको आहे, म्हणून वेगाचा उल्लेखच नाही.’ दोनच वाक्यं, पण ती याच कवितेची.

त्या ‘गोष्टीसारखा’वाल्या मुलीने पुढच्या पेपरात रसग्रहणाखाली लिहिलं होतं: ‘पायऱ्या घाटाच्या आहेत, मग सुरकुत्या नदीच्या कशा? इथे कवीचं रूपक डळमळतं.’ तिला पूर्ण गुण दिले. ओळ अजून दुरुस्त करायची आहे.