रेकॉर्डिंग सव्वा तासानंतर तुटतंय? आधी ड्राइव्हचा फॉरमॅट बघा

ट्यूनरवरून दोन तासांचा सिनेमा रेकॉर्डिंगला लावला आणि नंतर बघितलं तर पहिला सव्वा तासच मिळाला, असं झालं की लोक अँटेना हलवत बसतात. बहुतेक वेळा दोष ड्राइव्हच्या फॉरमॅटचा असतो. FAT32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या पुढे जातच नाही. ट्यूनर प्रक्षेपण जसं येतं तसंच, पुन्हा कॉम्प्रेस न करता, साठवतो. एखादं एचडी चॅनल सेकंदाला 8 मेगाबिट पाठवत असेल, तर सेकंदाला 1 मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण 3.6 जीबी. मर्यादा एकाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास गाठली जाते. शहाणा ट्यूनर तिथे नवी फाइल सुरू करतो, बाकीचे गप थांबतात.

ड्राइव्हवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. File system पुढे FAT32 दिसलं तर चोर सापडला. मजकूर दुसरीकडे उतरवून NTFS मध्ये फॉरमॅट करा, पण ट्यूनरला ते चालतं का हे मॅन्युअलमध्ये आधी बघा. exFAT बऱ्याच जुन्या ट्यूनरना ओळखताच येत नाही.

टीव्हीतल्याच ट्यूनरवर रेकॉर्ड करत असाल तर टीव्ही बहुधा स्वतःच्या पद्धतीने ड्राइव्ह फॉरमॅट करतो. मग तो कॉम्प्युटरला लावल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ विचारतं. तिथे Cancel दाबा, नाहीतर सगळी रेकॉर्डिंग गेली म्हणून समजा.